दौलताबादच्या पानांवरून पुस्तक पारखा: दख्खनच्या मध्ययुगीन इतिहासाची पुस्तकं वाचायला सुरुवात कशी करावी

दौलताबादचा किल्ला पाहायला गेलेल्या माणसाला एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. महंमद तुघलकानं राजधानी दिल्लीहून इथं हलवली, सगळी दिल्ली रिकामी करायला लावली, मागं राहिलेल्या एका आंधळ्याला दौलताबादपर्यंत फरफटत न्यायचा हुकूम दिला आणि इथं पोचला तो फक्त त्याचा पाय. ही गोष्ट शाळेत ऐकलेली असते, किल्ल्यावर ऐकलेली असते, आणि पुस्तकांतही छापलेली असते. पुस्तकात ती कशी छापली आहे, यावरून त्या पुस्तकाची बरीच पारख होते.

दख्खनच्या इतिहासावर पुस्तक घ्यायचं असेल तर पहिल्या पानापासून वाचू नका. आधी दौलताबादची चार-पाच पानं उघडा. हाच प्रसंग कसोटीला घ्यायला कारण आहे. 1300 ते 1600 या काळावरच्या बहुतेक पुस्तकांत तो असतोच. त्याबद्दल त्याच पिढीतल्या बरनी, इसामी आणि इब्न बतूता या तीन लेखकांनी लिहून ठेवलंय, शिवाय शिलालेख आहेत, नाणी आहेत, आणि वर दंतकथाही आहे. पुरावा आणि आख्यायिका शेजारी शेजारी ठेवून पाहायला मराठवाड्यातल्या वाचकाला याहून सोयीचा प्रसंग मिळणार नाही. खाली दिलेली तपासणी नव्या माणसाला पहिल्या वेळी तासभर घेईल, नंतरच्या पुस्तकांना पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

पहिली पायरी: पुस्तक मागून उघडा

शेवटची पानं पाहा. तिथं संदर्भसूची आहे का, आणि असली तर तिचे दोन भाग केलेत का, मूळ साधनं वेगळी आणि नंतरच्या अभ्यासकांची पुस्तकं वेगळी? असे दोन भाग केलेले असतील तर लेखकाला फरक कळतो असं धरायला हरकत नाही. मग दौलताबादच्या प्रकरणातल्या कुठल्याही दहा तळटीपा घ्या. त्या कुठं नेतात ते वहीत लिहा. दहापैकी सहा-सात टिपा बरनी, इसामी, इब्न बतूता, शिलालेखांचे संग्रह, नाण्यांच्या याद्या अशा ठिकाणी जात असतील तर पुस्तक वाचायला घ्या. दहाच्या दहा टिपा दुसऱ्या आधुनिक पुस्तकांकडे जात असतील तर थांबा.

इथं नव्या वाचकाची सर्वांत मोठी फसगत होते. तीन पुस्तकांत एकच गोष्ट सापडली म्हणजे तीन साक्षीदार मिळाले, असं वाटतं. प्रत्यक्षात पहिलं पुस्तक दुसऱ्यावरून घेतं, दुसरं जुन्या गॅझेटियरवरून, आणि गॅझेटियर एखाद्या इंग्रजी भाषांतरावरून. साक्षीदार एकच, आणि तोही पुष्कळदा प्रसंगानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी लिहिणारा. ही साखळी शोधायची तर टीप उलट दिशेनं चालत जा: टिपेतलं पुस्तक काढा, त्यातली टीप बघा, तिथून पुढं. साधारण तिसऱ्या-चौथ्या पावलाला मूळ ग्रंथ सापडतो, नाहीतर टीपच संपते. टीप संपली तर त्या विधानापुढं पेन्सिलीनं खूण करा.

मराठीत तळटीपा नसलेली पुस्तकं पुष्कळ आहेत. टीप नाही म्हणून पुस्तक खोटं ठरत नाही, पण त्यातलं एकही विधान तुम्हाला तपासता येत नाही. अशी पुस्तकं परिसर समजून घ्यायला, गावांची नावं आणि वाटा कळायला वाचावीत. प्रसंग खरा की खोटा हे ठरवायला ती वापरू नयेत.

दुसरी पायरी: सूचीत जागा सापडवा

पुस्तकाच्या शेवटच्या नामसूचीत दौलताबाद शोधलं आणि मिळालं नाही, म्हणून पुस्तक ठेवून देऊ नका. या जागेची नावं बदलत गेली. यादवांची देवगिरी फारसी ग्रंथांत देवगीर होते. कुतबुद्दीन मुबारक खल्जीच्या काळात तिला कुतबाबाद म्हटलेलं आढळतं. इब्न बतूता तर शहराचे तीन भाग सांगतो: सुलतान आणि त्याची फौज राहते ते दौलताबाद, दुसरं कटक, आणि तिसरा किल्ला, ज्याला तो आपल्या अरबी उच्चारात दुवैगीरसारखं नाव देतो. म्हणून ही सगळी नावं, आणि जोडीला खुलताबाद, खुल्दाबाद, तुघलक, तुघ्लुक अशी रूपं शोधा.

सनांचंही तसंच. एका पुस्तकात राजधानी 1326 ला हलली आणि दुसऱ्यात 1327 ला, एवढ्यावरून कुणाला चुकीचं ठरवू नका. हिजरी सन चांद्र आहे. हिजरी 727 हे वर्ष 1326 च्या नोव्हेंबरअखेरीस सुरू झालं आणि 1327 च्या नोव्हेंबरात संपलं. हिजरी वर्षाचा एकच इसवी आकडा करताना लेखक कुठलाही अर्धा भाग धरतो. चांगलं पुस्तक 1326-27 असं लिहितं किंवा हिजरी सन शेजारी देतं. शक सन आला तर 78 मिळवा, विक्रम संवत आला तर 57 वजा करा, वर्षाअखेरच्या महिन्यांसाठी दोन्हीकडं एका वर्षाचा फरक पडू शकतो हे धरून.

तिसरी पायरी: साक्षीदारांना नावानिशी ओळखा

ही पायरी घाईनं उरकू नये. राजधानी हलवल्याची हकीकत प्रामुख्यानं तीन जणांकडून येते. वहीत प्रत्येकासाठी चार प्रश्न लिहा: प्रसंग घडला तेव्हा हा कुठं होता? किती वर्षांनी लिहिलं? कुणासाठी लिहिलं? स्वतः पाहिलं की ऐकलं?

इसामीपासून सुरुवात करा. त्यानं ‘फुतूह-उस्-सलातीन’ हा फारसी पद्यग्रंथ 1349-50 मध्ये लिहिला, म्हणजे प्रसंगानंतर सुमारे तेवीस वर्षांनी. दिल्ली सोडली तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. त्याचे नव्वदीचे आजोबा घराबाहेर काढले गेले आणि पहिल्याच मुक्कामावर, तिलपतला, वारले. तिघांत प्रत्यक्ष या फरफटीत सापडलेला हाच एक आहे, त्यामुळं वाटेवरच्या हालांबद्दल त्याचं म्हणणं वजनदार आहे. पण त्यानं ग्रंथ लिहिला तो अलाउद्दीन बहमन शहासाठी, आणि बहमन शहा 1347 मध्ये तुघलकाविरुद्ध बंड करून याच दौलताबादला गादीवर बसलेला. आश्रयदात्याचं बंड योग्य ठरायचं तर तुघलक जुलमी ठरायलाच हवा. म्हणून इसामीनं सांगितलेले हाल माना, आणि तुघलकाच्या मनात काय होतं याबद्दल तो जे सांगतो ते सावधपणे घ्या.

इब्न बतूता मोरोक्कोचा प्रवासी. तो दिल्लीला पोचला 1334 मध्ये, म्हणजे स्थलांतराला सहा-सात वर्षं होऊन गेल्यावर. त्याचा प्रवासवृत्तांत 1355 मध्ये मोरोक्कोत, त्यानं सांगितला आणि दुसऱ्यानं लिहून काढला, असा तयार झाला. दौलताबाद त्यानं नंतर स्वतः पाहिलं, तिथले बाजार, द्राक्षं-डाळिंबं, मराठी लोकांचं खाणं याबद्दलची त्याची पानं मराठवाड्यातल्या वाचकानं मुद्दाम वाचावीत. पण 1327 च्या घटनांचा तो साक्षीदार नाही.

तिसरा झियाउद्दीन बरनी. त्याचा ‘तारीख-इ-फिरोजशाही’ 1357 मध्ये पुरा झाला, तीस वर्षांनी. तो सुलतानाच्या दरबारात सतरा वर्षं आणि तीन महिने होता असं स्वतः सांगतो. हा आकडा ऐकून पुष्कळ लेखक त्याला राजधानीच्या प्रसंगाचा दरबारी साक्षीदार करून टाकतात. साधा हिशोब करा. सुलतान मेला 1351 मध्ये. त्यातून सतरा वर्षं वजा केली की 1334 येतं. हुकूम निघाला तेव्हा बरनी त्याच्या दरबारात नव्हता. दरबारात आल्यावर त्यानं जाणत्या लोकांकडून ऐकलं असणार, हे खरं. तरी ती ऐकीव माहिती आहे.

या तिघांत चौथा मिसळू देऊ नका. फिरिश्ता विजापूरच्या दरबारात सतराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहीत होता. त्याचा ग्रंथ वाचायला सोपा, इंग्रजीत लवकर भाषांतरित झालेला, त्यामुळं गॅझेटियरांनी तो भरपूर वापरला. दख्खनच्या नंतरच्या सुलतानांसाठी तो आवश्यक आहे. 1327 साठी मात्र तो जवळजवळ पावणेतीनशे वर्षांनंतरचा संकलक आहे. पुस्तकात ‘समकालीन इतिहासकार फिरिश्ता’ असं तुघलकाच्या संदर्भात दिसलं, तर ते पुस्तक या कामासाठी बाजूला ठेवा.

चौथी पायरी: आंधळ्याच्या पायाची गोष्ट उलगडा

आता नमुन्यादाखल तपासणी करू. पुस्तकात वाक्य आहे: ‘सुलतानानं दिल्ली पूर्ण ओस पाडली. एक पांगळा आणि एक आंधळा मागं राहिले, त्यांना क्रूर शिक्षा झाली.’ याचे दोन तुकडे पाडा. दिल्ली पूर्ण ओस पडली, हा एक दावा. पांगळ्या-आंधळ्याची शिक्षा, हा दुसरा. जोडून ठेवले तर एकाचा पुरावा दुसऱ्याला लागू होतो असं वाटत राहतं.

शिक्षेची गोष्ट इब्न बतूताकडची आहे. शोध घेताना दोन माणसं सापडली, पांगळ्याला दगड फेकायच्या यंत्रातून फेकलं, आंधळ्याला चाळीस दिवसांच्या वाटेवर ओढत नेलं आणि दौलताबादला पाय तेवढा पोचला, असं तो सांगतो. त्याच ओघात तो पुढं सांगतो की सुलतान एका रात्री वाड्याच्या गच्चीवर चढला, शहरात ना आग, ना धूर, ना दिवा, आणि तेव्हा त्याचं मन शांत झालं. हे आपल्याला एका विश्वासू माणसानं सांगितलं, असं तो इथं स्पष्ट म्हणतो. म्हणजे दिल्लीत सहा-सात वर्षांनी जे बोललं जात होतं ते आपल्यापर्यंत आलंय. त्याची किंमत आहेच: दिल्लीकरांच्या मनात या हुकमाबद्दल किती राग साचला होता, याचा हा पक्का पुरावा. एका आंधळ्याचं नेमकं काय झालं, याचा मात्र तो पुरावा होत नाही.

चांगलं पुस्तक इथं ‘इब्न बतूतानं दिल्लीत ऐकलेली हकीकत अशी’ असं लिहील. कमअस्सल पुस्तक ‘इतिहास सांगतो की’ लिहील. क्रियापदाचा कर्ता कोण, एवढं बघायची सवय लावून घ्या. ‘बरनी म्हणतो’, ‘इसामीनं लिहिलंय’ यात कर्ता आहे. ‘असं म्हणतात’, ‘सर्वश्रुत आहे’, ‘इतिहासात नोंद आहे’ यात तो गायब आहे.

पहिला दावा जास्त गुंतागुंतीचा. दिल्ली पूर्ण ओस पडली, कुत्रं-मांजरही उरलं नाही, असं बरनी लिहितो. पण त्याचाच ग्रंथ थोडा पुढं वाचा. मुलतानकडं बंड झालं, सुलतान देवगिरीहून निघाला, बंड मोडलं आणि दिल्लीला येऊन दोन वर्षं राहिला. अमीर आणि फौज त्याच्याबरोबर दिल्लीत, आणि त्यांची बायकामुलं देवगिरीला. ज्या शहरात मांजर उरलं नाही तिथं सुलतान फौजेसह दोन वर्षं कसा राहील? इब्न बतूताचंही तसंच: एके ठिकाणी दिल्ली रिकामी, तर दुसरीकडं ती हिंदुस्थानातली सर्वांत मोठी आणि भव्य नगरी. एकाच ग्रंथातली अशी विसंगती पकडणारं आणि वाचकासमोर ठेवणारं पुस्तक विश्वास ठेवण्याजोगं असतं. सोयीचं एक वाक्य उचलून दुसरं गाळणारं पुस्तक, ते तुघलकाच्या बाजूचं असो वा विरोधातलं, सारखंच अविश्वसनीय.

मग शिलालेख येतात. दिल्लीजवळच्या सरबन आणि नारायणा इथले 1327-28 च्या सुमाराचे दोन संस्कृत लेख अभ्यासक पुढं करतात. ते विहीर खोदल्याच्या निमित्तानं कोरलेले आहेत आणि दिल्लीची स्तुती करतात. ज्या वर्षी शहर ओस पडलं म्हणायचं त्याच सुमारास आसपास पैसेवाले लोक विहिरी खोदून लेख कोरवत होते. नाणीही तेच सुचवतात: दौलताबादच्या टांकसाळीबरोबर दिल्लीची टांकसाळही या काळात चालू दिसते.

इथं उलट्या बाजूची चूक होते, आणि ती अलीकडं वाढली आहे. दोन शिलालेख दाखवून ‘स्थलांतर झालंच नाही, सगळी बदनामी’ असं लिहिणारी पुस्तकंही आहेत. शिलालेखात राजधानीची स्तुती करणं हा लेखनाचा संकेत होता, जनगणना नव्हे. दिल्ली परिसरातलं व्यापारी घर हललं नव्हतं, एवढं त्यावरून ठरतं. अमीर, उलेमा, सूफी आणि सरकारी माणसांना हलवलं नाही, हे त्यावरून अजिबात ठरत नाही, कारण तसं हलवलं याचा पुरावा आपल्याकडंच आहे.

तो पुरावा खुलताबादला. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुरहानुद्दीन गरीब या स्थलांतरात दिल्लीहून आले, 1337 मध्ये वारले, त्यांची कबर खुलताबादला आहे. त्यांच्या बैठकीतली संभाषणं शिष्यांनी 1330 च्या दशकात इथंच लिहून ठेवली. तिघा इतिहासकारांनी वीस-तीस वर्षांनी लिहिलं, ही टिपणं दहा वर्षांच्या आतली आणि स्थलांतरित लोकांच्या आतून आलेली. गुलबर्ग्याचे सूफी संत गेसूदराज यांचंही असंच: सात-आठ वर्षांचं मूल असताना वडिलांबरोबर दौलताबादला आले, वडील इथंच वारले आणि त्यांची कबरही खुलताबादलाच आहे. पुढं काही वर्षांनी गेसूदराज दिल्लीला परतले, आणि म्हातारपणी पुन्हा दख्खनला.

आता वहीत शेवटचा रकाना भरा, तिन्ही लेखक आणि वस्तुपुरावा कशावर सहमत आहेत तो. हुकूम झाला. दिल्लीतला वरचा वर्ग मोठ्या संख्येनं, बळजबरीनं हलवला गेला. अकराशे-बाराशे किलोमीटरच्या वाटेवर लोक मेले. काही वर्षांनी परतायची मुभा मिळाली. आणि वस्तुपुरावा पाहता दिल्ली खंगली, पण ओस पडली नाही. कारणावर मात्र एकमत नाही: बरनी म्हणतो, देवगिरी राज्याच्या मध्यावर होती म्हणून. इसामी म्हणतो, दिल्लीकरांवरच्या संशयानं. इब्न बतूता म्हणतो, लोक रात्री दरबारात शिव्यांची पत्रं टाकत, त्याच्या रागानं. ज्या पुस्तकात तीनही कारणं आहेत आणि लेखक आपला कौल का आणि कुठं देतो हे सांगतो, ते घरी घेऊन जा.

पाचवी पायरी: कुठली पुस्तकं, कोणत्या क्रमानं

एका वेळी तीनच पुस्तकं घ्या.

वाचायला पहिलं रिचर्ड ईटन यांचं 2005 चं, 1300 ते 1761 या काळातल्या आठ व्यक्तींवरचं इंग्रजी पुस्तक. एक प्रकरण म्हणजे एक माणूस, त्यामुळं कुठूनही सुरू करता येतं. गेसूदराज यांच्या प्रकरणात दौलताबादचं स्थलांतर येतं, तिथूनच सुरुवात करा. दख्खनमध्ये वसवलेल्या या दिल्लीकरांचं पुढं काय झालं, हा प्रश्न तिथं नीट उलगडतो. याच पुस्तकात मलिक अंबर आणि तुकाराम यांच्यावरही प्रकरणं आहेत. तुकारामांच्या प्रकरणात संतचरित्रातलं आणि कागदोपत्री सापडणारं कसं वेगळं केलंय, ते पेन्सिल घेऊन पाहा.

दुसरं कार्ल अर्न्स्ट यांचं खुलताबादच्या सूफी केंद्रावरचं, 1992 चं ‘इटर्नल गार्डन’. हे जड आहे, सलग वाचायचा हट्ट धरू नका. पण तलवार घेऊन आलेल्या सूफींच्या कथा आणि चौदाव्या शतकातली संभाषणांची टिपणं यांच्यातलं अंतर या पुस्तकाइतकं बारकाईनं दुसरीकडं दाखवलेलं नाही. खुलताबादला सातशे-चौदाशे अवलियांच्या पालख्या आल्याची कथा तुम्ही ऐकली असेल, तर अशा कथा केव्हा लिहिल्या जाऊ लागतात हे इथं बघायचं. एक तपासणी तुम्ही स्वतःही करू शकता. खुलताबादचे सूफी संत जर जरी जर बक्ष यांचं निधन परंपरेनं 1309 चं मानतात. मग त्यांना तुघलकाच्या स्थलांतराबरोबर आणणारं पुस्तक आपल्याच तारखेशी भांडतंय.

तिसरं संदर्भासाठी: शेरवानी आणि जोशी यांनी संपादित केलेले मध्ययुगीन दख्खनचे दोन खंड, 1973-74 चे. हे वाचायचं पुस्तक नाही, शोधायचं आहे. वेगवेगळ्या अभ्यासकांचे लेख आहेत, दर्जा सारखा नाही, पण टिपा भरपूर. विद्यापीठाच्या ग्रंथालयात मिळतात.

मराठीतून पाया घालायचा तर तुघलकाच्या आधीच्या काळासाठी ब्रह्मानंद देशपांडे यांचं ‘देवगिरीचे यादव’ घ्या, आणि शिलालेख प्रत्यक्ष कसा वाचतात हे कळायला शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा संग्रह. तुळपुळ्यांच्या संग्रहातला आपल्या जिल्ह्यातला एक लेख निवडा: कुठल्या ओळी वाचता येतात, कुठं अक्षरं झिजलीत, कुठला शब्द संपादकानं अंदाजानं भरलाय हे तिथं दिसतं. एकदा हे पाहिलं की ‘शिलालेखात म्हटलंय’ या शब्दांपुढं आपण आपोआप विचारतो, नेमकं काय म्हटलंय?

मूळ साधनं वाचायची हौस असेल तर एलियट आणि डाउसन यांच्या इंग्रजी भाषांतरांचा तिसरा खंड archive.org वर फुकट मिळतो, त्यात बरनी आहे. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हे निवडक उतारे आहेत, सबंध ग्रंथ नाही, आणि इंग्रजी राजवट आधीच्या राजवटींपेक्षा बरी, हे दाखवायचा हेतू एलियटनं आपल्या प्रस्तावनेत लपवलेला नाही. साहजिकच क्रूरतेचे प्रसंग जास्त निवडले गेले. होडीवाला यांनी 1939 मध्ये या भाषांतरांतल्या चुकांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, इतक्या त्या होत्या. म्हणून या खंडांवरून ‘बरनी असं म्हणतच नाही’ असा निष्कर्ष कधीही काढू नका, कदाचित ते वाक्य गाळलेल्या भागात असेल. इब्न बतूतासाठी आणि इसामीसाठी महदी हुसेन यांची भाषांतरं टिपांसह आहेत. मात्र त्यांचा कल तुघलकाकडं आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

जिल्हा गॅझेटियर गावं, घाट, वास्तू शोधायला उत्तम. त्यातला इतिहास मात्र ज्या वर्षी छापला त्या वर्षीचा समजावा, आणि पुष्कळदा तो फिरिश्त्याचाच असतो.

वास्तू दिसते म्हणून कथा खरी होत नाही

हा घोटाळा आपल्या भागात फार होतो, कारण आपल्याकडं वास्तू उभ्या आहेत. बीडच्या दक्षिणेला करजणीजवळ टेकडीवर एक जुनी वास्तू आहे, लोक तिला तुघलकाच्या दाताची कबर म्हणतात. दख्खनच्या स्वारीत सुलतानाचा दात पडला आणि तो बीडजवळ पुरून त्यावर इमारत बांधली, ही कथा फिरिश्ता सांगतो. पुस्तकं लिहितात: ‘ती कबर आजही पाहता येते.’ पाहता येते ती इमारत. ती कुणी, केव्हा, कशासाठी बांधली, हे ठरवायला लेख, बांधणीची तुलना किंवा जुनी नोंद लागते. फिरिश्त्याच्या वाक्याला इमारत पुरावा आणि इमारतीला फिरिश्त्याचं वाक्य पुरावा, असं गोल फिरत असेल तर दोन्हींपुढं पेन्सिलीची खूण राहू द्या. त्यानं कथा खोटी ठरत नाही, फक्त ती अजून सिद्ध झालेली नाही.

हात बसला का ते बघण्यासाठी एक सराव

1296 मध्ये अलाउद्दीन खल्जीनं देवगिरी वेढली तेव्हा किल्ल्यात धान्य समजून भरलेली पोती उघडली तर मीठ निघालं, ही गोष्ट घ्या. तीही प्रत्येक पुस्तकात आहे. वहीत तेच रकाने पाडा. गोष्ट मिठाच्या पोत्यांची, सांगणारा फिरिश्ता, प्रसंगापासून अंतर सुमारे तीनशे दहा वर्षं. मग 1296 च्या जवळचे लेखक काढा: अमीर खुसरोचा ‘खझाइन-उल्-फुतूह’ 1311-12 चा, इसामी 1350 चा, बरनी 1357 चा. तुमच्या हातातलं पुस्तक यांच्यापैकी कुणाच्या नावावर पोत्यांची गोष्ट सांगतं का, की नाव न घेता सांगतं? नाव दिलं असेल तर त्या ग्रंथाच्या टिपेचं पान उघडून पोती तिथं आहेत का ते बघा. नसतील, तर ती खुसरो-इसामीच्या हकीकतीत नंतर शिवलेली आहेत आणि लेखकानं टाका दाखवलेला नाही.

इसामीकडं गेलातच तर त्याच वेढ्याच्या आधीची एक हकीकतही वाचा: लासूरच्या बाजूला कान्हा नावाच्या सरदारानं वाट अडवली आणि त्याच्याबरोबर दोन स्त्रियाही लढल्या. लासूर आजही संभाजीनगर-मनमाड रेल्वेमार्गावर आहे. मिठाची पोती सगळ्यांना पाठ आहेत. ही हकीकत चौपन्न वर्षांच्या आत लिहिलेली, तरी फारशी कुणी सांगत नाही. पुस्तक निवडताना ती त्यात आहे का, हेही पाहून घ्या.